क्रेनच्या पावतीचे दोन फोटो

ट्रकसकट माल तोलणारे मोठे काटे दुरुस्त करून देणारी ती कंपनी. तिच्या हिशेबखात्यात खिडकीजवळच्या टेबलावर एक बाई बसायच्या. बाहेरगावी जाणाऱ्या मेकॅनिक मंडळींची खर्चाची बिलं त्यांच्याकडे यायची. त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीत असेल तेवढंच. बाकी सगळे त्यांना भिंगताई म्हणत. तोंडावर आदराने म्हणत, आणि पाठीमागे म्हणतानाही फारसा फरक पडत नसे.

या बाईंच्या टेबलावर भिंग मात्र नव्हतं. त्यांची नजरच तशी होती आणि ती त्यांनी कुठल्या परीक्षेसाठी कमावलेली नव्हती. त्यांच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. शाळेतून आल्यावर त्या दुकानात बसत आणि तयार फोटो ज्याच्या त्याच्या पाकिटात घालत. एकाच माणसाचे दाढीतले, दाढीशिवायचे, चष्म्यातले फोटो, आणि भावाभावांचे एकमेकांसारखे दिसणारे चेहरे. पोरगी गोंधळायची. वडील म्हणायचे, "चेहऱ्याकडे कशाला बघतेस? चेहरा फसवतो. कान बघ. उजेड बदलला, केस बदलले, तरी कान तोच राहतो."

स्टुडिओ बंद पडून बरीच वर्षं झाली. वडील आता घरी असतात, टीव्हीवर कोणीही दिसलं की त्याच्या कानांबद्दल मत देतात. पण मुलीची सवय राहिली. आता तिच्यापुढे चेहरे नव्हते, पावत्या होत्या. डिझेलच्या, जेवणाच्या, मुक्कामाच्या. मेकॅनिकने मोबाइलवर फोटो काढायचा आणि कंपनीच्या ॲपमध्ये टाकायचा. ॲप फोटोतली तारीख आणि रक्कम आपणच वाचून ओळ तयार करायचं. एकच फोटो चुकून दोनदा टाकला तर ते लगेच लाल व्हायचं. पण त्याच कागदाचा दुसऱ्या बाजूने, दुसऱ्या उजेडात दुसरा फोटो काढला, तर त्याच्या लेखी तो दुसरा कागद.

"यंत्राला कान दिसत नाहीत," भिंगताई म्हणायच्या. म्हणून बेरीज करण्याआधी सगळे फोटो त्या एकदा डोळ्यांखालून घालत. बेरीज झाली की आकडा माणसाच्या मोबाइलवर जायचा, त्याने 'मान्य' दाबलं की पैसे निघायचे. त्यानंतर काही सापडलं तर ती चूक राहत नसे. कंपनीच्या भाषेत तो 'खोटा दावा' होता.

गेल्या महिन्यात तसा एक सापडला होता. एका ड्रायव्हरने मुक्कामाची एकच पावती दोनदा लावली होती. दुसऱ्यांदा कडा कात्रीने कापून, खाली रंगीत चादर घालून. भिंगताई तेव्हा रजेवर होत्या, बेरीज दुसऱ्याच कोणी केली. ड्रायव्हरची नोकरी गेली आणि मुख्य कचेरीने तपासनीस पाठवले.

हे तपासनीस किडकिडीत, शांत गृहस्थ होते. आल्या दिवशीच त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "मी हेतू बघत नाही. हेतू मोजता येत नाही. एक पावती दोनदा मान्य झालेली दिसली की माझ्या अहवालात एकच वाक्य जाईल, आणि त्या वाक्याचं पुढे काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे."

आज त्यांचा शेवटचा दिवस होता. साहेबांच्या केबिनमध्ये बसून ते कागद चाळत होते. संध्याकाळी निघताना सगळ्या बेरजा त्यांना बरोबर न्यायच्या होत्या. भिंगताईंकडे एकच क्लेम उरला होता, मामांचा.

मामा म्हणजे कंपनीतला सगळ्यात जुना मेकॅनिक. कोणाचे सख्खे मामा नव्हते, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांचे मामाच. काट्याच्या नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारा माणूस, पण मोबाइल हातात आला की त्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा व्हायचा. चष्मा कायम शर्टाच्या खिशात, डोळ्यांवर कधीच नाही. 'मान्य'चं बटण ते आकडा न बघताच दाबत. "तू बघितलंस ना, पोरी? मग मी कशाला बघू?" असं म्हणत. हे ऐकून भिंगताईंना आधी बरं वाटायचं आणि मग काळजी वाटायची.

साहेब केबिनमधून डोकावले. "भिंगताई, मामांचं झालं का? तपासनीसांना एका ठिकाणी शंका आहे."

तपासनीस स्वतःच बाहेर आले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "या दोन डिझेलच्या पावत्या. एकच पंप, एकच दिवस, रक्कमही तीच."

भिंगताईंनी दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावले. "पंप एकच आहे. पण हिचा बिल नंबर बघा, आणि हिचा. दोन गाड्या होत्या बरोबर. एक व्हॅन, एक वजनं वाहणारा ट्रक. गाडी नंबर खाली छापलाय, दोन्हीकडे वेगळा. ठरावीक रकमेचं डिझेल भरलं की रक्कम सारखीच दिसणार."

तपासनीसांनी वाकून पाहिलं, मान हलवली. "बरोबर. मी फक्त रक्कम पाहिली. माझीच घाई झाली." आणि ते सरळ आत गेले. माणूस वाकड्यात शिरणारा नव्हता, हे भिंगताईंनी मनात नोंदवलं.

"चला, सुटले मामा," साहेब हसले. "आता बेरीज मारून टाका."

भिंगताईंचा हात माउसवर गेला. पण सवय ती सवय. उरलेले फोटो एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेऊ, म्हणून त्या सरकवत गेल्या. जेवण, जेवण, मुक्काम, क्रेनचं भाडं, चहा, क्रेनचं भाडं.

क्रेन लागणारच होती. काटा तपासायचा तर त्यावर खात्रीची वजनं ठेवावी लागतात, आणि ती लोखंडी वजनं माणसांच्या हाताने हलत नाहीत. गेल्या आठवड्यातल्या त्या कारखान्यात मामांचं काम दोन दिवस चाललं होतं. दोन दिवसांच्या दोन पावत्या, दोन्हींवर सारखं भाडं. यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं. पहिला फोटो उन्हात काढलेला, ट्रकच्या बॉनेटवर पावती ठेवून. दुसरा ट्यूबलाइटखाली, कुठल्याशा लाकडी टेबलावर. दुसऱ्या पावतीवर कारखान्याच्या गेटचा जांभळा गोल शिक्का, शिक्क्यात दुसऱ्या दिवशीची तारीख आणि पहारेकऱ्याची सही. पहिलीवर असं काहीच नाही. दोन कागद, दोन दिवस.

भिंगताईंनी पुढचा फोटो आणला आणि परत मागे गेल्या.

'अक्षरी रुपये' या ओळीत क्रेनवाला लिहिताना एक शब्द विसरला होता, आणि मग त्याने तो वर, दोन शब्दांच्या मध्ये, खूण करून घुसवला होता. उन्हातल्या फोटोत. आणि ट्यूबलाइटखालच्या फोटोतही.

एकच माणूस एकच शब्द लागोपाठ दोन दिवस विसरेल? विसरेलही एखादा. भिंगताईंनी फोटो मोठा केला. वहीतून फाडताना डाव्या कडेला एक छोटा त्रिकोण निघून गेला होता, सहीच्या थोडा वर. दुसऱ्या फोटोत तीच कड, तोच त्रिकोण. आकड्याखाली मारलेली रेघ मध्येच सुटलेली, पेन अडकल्यासारखी. दुसऱ्यातही तिथेच सुटलेली. पावतीचा नंबर शिक्क्याखाली गेला होता, तारीखही गेली होती. पण शिक्क्याच्या कडेबाहेर नंबरचा शेवटचा आकडा तेवढा अर्धा डोकावत होता, आणि तो उन्हातल्या फोटोतल्या शेवटच्या आकड्यासारखाच होता.

कान तेच होते.

काय झालं असेल ते त्यांना जवळजवळ दिसलंच. मागे एकदा मामांच्या खिशातली पावती घामाने लगदा झाली होती, तेव्हापासून ते पावती हातात पडली की जागच्या जागी फोटो काढत. मग कोणीतरी सांगितलं असणार, मामा, क्रेनच्या पावतीवर गेटचा शिक्का लागतो. शिक्का घेतला, पुन्हा फोटो काढला, आणि पहिला काढून टाकायचा असतो हे डोक्यातच आलं नाही. ॲपने बिचाऱ्याने शिक्क्यातली तारीख वाचली आणि एका दिवसाची क्रेन दोन दिवसांची करून टाकली.

पण हा झाला त्यांचा अंदाज. उलटही असू शकत होतं. नंबर झाकायला शिक्का किती सोयीचा! गेल्या महिन्यातल्या ड्रायव्हरने कडा कापल्या होत्या, इथे शिक्का मारलाय, असं कोणी म्हटलं तर काय उत्तर देणार? रक्कमही जेवणाची नव्हती, क्रेनची होती.

दुसरी ओळ आपणच काढून टाकावी, असं एक क्षण त्यांच्या मनात आलं. कोणाला कळणार होतं? मामांना तर मुळीच नाही. पण दुसऱ्याच्या क्लेममधली ओळ आपण पुसायची नाही, हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा नेम. आज प्रेमाने पुसली, तर उद्या कोणाची रागाने पुसली जाईल. शिवाय नियमही तोच होता. बेरजेआधी ओळ मागे घ्यायची तर ज्याची त्याने घ्यायची.

त्यांनी मामांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मामा आज भंगाराच्या एका मोठ्या गोदामात होते, आणि तिथे मोबाइल गेटवर जमा करून घेत.

"झाली का हो?" केबिनमधून साहेबांचा आवाज.

"नाही. एका ओळीबद्दल मामांना विचारायचंय."

साहेब बाहेर आले, आवाज खाली आणून म्हणाले, "कुठली ओळ? काही घोळ आहे का? असेल तर मला आत्ताच सांगू नका. मला कळलं की त्यांना सांगावं लागेल."

"मग विचारू नका ना, साहेब."

"अहो, पण त्यांची गाडी खाली येऊन उभी राहील थोड्या वेळात!"

"राहू दे. ओळीचं उत्तर मिळाल्याशिवाय मी बेरीज करत नाही. गेल्या महिन्यात मी नव्हते म्हणून घाईत केली ना कोणीतरी?"

साहेबांना हे लागलं, कारण ती बेरीज त्यांनीच केली होती. तेवढ्यात केबिनचं दार उघडून तपासनीस उभे राहिले. दोघांचंही बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"कुठली ओळ?" त्यांनी विचारलं.

आता लपवणं म्हणजे मामांना आपल्याच हाताने चोर ठरवणं होतं. भिंगताईंनी दोन्ही फोटो पडद्यावर शेजारीशेजारी लावले आणि एक एक खूण दाखवली. घुसवलेला शब्द, फाटलेला त्रिकोण, सुटलेली रेघ, अर्धा आकडा.

तपासनीसांनी वाकून एक एक खूण पुन्हा पाहिली. "हे मला दिसलं नसतं," ते म्हणाले. मग विचारलं, "बेरीज झालेली नाही?"

"नाही."

"म्हणजे अजून दावाच झालेला नाही. त्यांना विचारा. पण माझ्यासमोर विचारा, आणि पावती दोनदा आलीय हे सांगायचं नाही. उत्तर त्यांचं हवं, तुमचं नको."

"आणि ते चुकीचं बोलले तर?" साहेबांनी विचारलं.

"तर मी जे ऐकलं ते लिहीन."

गोदामाच्या गेटवरचा फोन नंबर साहेबांनी शोधून काढला. भिंगताईंनी तो लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे पहारेकरी.

"मामा? ते काट्याखाली आहेत, बाई. खड्ड्यात. आत्ताच उतरलेत, दोन्ही हात ग्रीसने माखलेत."

"वर बोलवा. म्हणावं, भिंगताईंचा फोन आहे."

"कोणाचा?"

"भिंगताई. तेवढं सांगा. येतील ते."

वाट बघण्यात वेळ गेला. फोनमधून लोखंड आपटल्याचे आवाज येत होते, कोणीतरी कोणाला शिव्या देत होतं. खाली तपासनीसांच्या गाडीचा हॉर्न वाजला. त्यांनी खिडकीतून हात दाखवून ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, ते पाहून भिंगताईंना थोडा धीर आला.

"बोल गं पोरी!" मामांचा आवाज आला. "कोण मेलं?"

"कोणी नाही मामा. एक विचारायचं होतं."

"अगं, विचारायचं होतं म्हणून मला खड्ड्यातनं काढलंस? या वयात मला उतरायला आजोबांसारखं धरतात, चढायला नवरदेवासारखं ओढतात. विचार!"

साहेबांना हसू आलं, त्यांनी ते दाबलं. भिंगताई हसल्या नाहीत. त्यांनी तपासनीसांकडे पाहिलं आणि जपून शब्द निवडले.

"गेल्या आठवड्यातलं कारखान्याचं काम. तिथे क्रेन किती दिवस होती?"

मामा म्हणाले, "दोन दिवस."

साहेबांनी डोळे मिटले. तपासनीसांच्या हातातलं पेन हललं नाही, पण ते वर उचललेलं होतं. 'मामा, नीट आठवा,' हे शब्द भिंगताईंच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले. नीट आठवा म्हटलं की माणसाला कळतं, आधीचं उत्तर नको आहे.

"दोन दिवस काम चाललं ना आमचं," मामा पुढे बोलतच होते. त्यांना एका शब्दात उत्तर देणं कधी जमलंच नव्हतं. "पहिल्या दिवशी वजनं चढवली, काटा लावला, वजनं उतरवली. क्रेनवाला म्हणाला, मामा उद्या येऊ? म्हटलं, कशाला येतोस बाबा, उद्या नुसती वायर बदलायची नि कागद करायचेत. संध्याकाळीच हाकलला त्याला. तू काय विचारलंस? क्रेन? क्रेन एकच दिवस. दोन दिवस मी होतो."

भिंगताईंनी तोंडावर हात ठेवला. मग विचारलं, "पावत्या किती घेतल्या त्याच्याकडून?"

"एक दिवस क्रेन, तर पावत्या किती असतील? एक! नि तिच्यापायी मला दुसऱ्या दिवशी गेटवर ताटकळत बसावं लागलं. शिक्का मारणारा आदल्या दिवशी घरी गेला होता, तो सकाळी उगवला. का गं? फोटो पोचला नाही का? मी तर दोनदा पाठवलाय. एकदा बिनशिक्क्याचा, एकदा शिक्क्याचा. म्हटलं, तुला कुठला हवा तो घेशील."

तपासनीसांनी पेन खिशात ठेवलं.

"मामा, ते ॲप आहे," भिंगताई म्हणाल्या. "ते निवडत नाही. दोन्ही घेतं. तुमच्या नावावर दोन दिवसांची क्रेन पडली."

"म्हणजे," मामा हळू म्हणाले, "मी 'मान्य' दाबलं असतं तर..."

"हो."

"आणि मी न बघता दाबतो."

"हो."

"अरे देवा," मामा म्हणाले. त्यानंतर पहारेकऱ्याकडून मोबाइल परत घेऊन, ग्रीसची बोटं फडक्याला पुसून, भिंगताई सांगतील तसं करत त्यांनी ती बिनशिक्क्याची ओळ मागे घेतली. चष्मा घालून. "दिसतंय, दिसतंय," असं ते दर वेळी म्हणत होते. पडद्यावरची ओळ फिकट झाली आणि तिच्यापुढे 'मागे घेतली' असं आलं. उरलेल्या ओळीतली तारीख भिंगताईंनी त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घेतली. मगच बेरीज केली.

तपासनीस निघताना टेबलाशी थांबले. "माझ्या अहवालात हा क्लेम येणार नाही. यायचं कारणच उरलं नाही," ते म्हणाले. मग थोडं अवघडून, "तो शब्द वर घुसवलेला होता, तिकडे लक्ष कसं गेलं तुमचं?"

"वडिलांचा स्टुडिओ होता," भिंगताई म्हणाल्या. तपासनीसांना यातून काय कळलं असेल ते असो, ते मान हलवून जिना उतरले.

मामा पुढच्या आठवड्यात कचेरीत आले. नेहमीसारखी हाक मारली नाही. समोरच्या खुर्चीवर बसले आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"साहेबांनी सांगितलं मला," ते शेवटी म्हणाले. "तो माणूस शेजारी उभा होता म्हणे. मी दोन म्हणालो तेव्हा."

"हो."

"आणि तू गप्प बसलीस."

"बसले."

"एवढंच म्हणायचं होतंस, मामा, पावती दोनदा आलीय. मी लगेच सांगितलं असतं. मला चोरासारखं उलटतपासायचं काय कारण?"

भिंगताईंनी पावत्यांचा गठ्ठा बाजूला सरकवला. "मी सांगितलं असतं, तर उत्तर माझं झालं असतं. तपासनीसांनी ते मानलंच नसतं. तुमचं होतं म्हणून मानलं."

मामांचा रुसवा गेला असं काही दिसलं नाही. चहा आला तो मात्र त्यांनी घेतला. मग खिशातून चष्मा काढला, या वेळी खरोखर डोळ्यांवर चढवला आणि दुसऱ्या खिशातून त्या आठवड्याच्या पावत्या काढल्या. प्रत्येक पावतीवर, आकडे सोडून, एका कोपऱ्यातून निळ्या पेनाची तिरकी रेघ ओढलेली होती.

"फोटो काढला की लगेच मारतो," ते पावत्यांकडेच बघत म्हणाले. "रेघ असली की पुन्हा फोटो नाही. शिक्का आधी, फोटो नंतर, रेघ शेवटी. बरोबर आहे का बघ."

भिंगताईंनी एक एक पावती हातात घेऊन पाहिली. एकीवर रेघ नव्हती.

"ही?"

"ती आत्ताची आहे, येताना डिझेल भरलं त्याची. फोटो काढायचाय अजून," मामा म्हणाले, आणि मोबाइल भिंगताईंपुढे धरला. "तू काढ. माझा हात हलतो."